दोन्ही हात बाद झाल्यावर बीपी कुठं मोजायचं? बाबांच्या मांड्यांवरच्या आकड्यांची हकिकत

घरात डायलिसिसचा पेशंट आहे आणि त्याच्या दोन्ही हातांवर बीपीचा पट्टा बांधता येत नाही, अशा लोकांसाठी हे लिहून ठेवतोय. आमच्यासारखी घरं फार नसतील, पण जी आहेत त्यांना नेमकं विचारायला कुणी सापडत नाही. आम्हालाही सापडलं नव्हतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या बाजूला. बाबांचं वय ६७. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये त्यांचा उजवा हात गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. खांद्याखाली जेमतेम चार बोटं दंड उरलाय, त्यावर पट्टा बसतच नाही. शुगर जुनी. त्यातून किडन्या गेल्या आणि यंदा जानेवारीत डाव्या हातात, कोपराजवळ, फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर जोडून तयार केलेली जाड नस, डायलिसिसच्या सुया त्यातच टोचतात. हात एकच, त्यामुळे ती नस बंद पडली तर दुसरी जागा शोधणं अवघड. त्या हातावर पट्टा फुगवला की नसेतला प्रवाह थांबतो आणि आत गुठळी होऊ शकते. म्हणून ऑपरेशननंतर सर्जननं फाईलवर लाल पेनानं लिहून दिलं: डाव्या हाताला बीपी नाही, सुई नाही, सलाईन नाही.

मार्चमध्ये डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. सेंटरवर पहिल्याच दिवशी सिस्टरनं विचारलं, "मग बीपी घेऊ कुठं?" आणि मांडीवर घेतलं. फिस्टुला डावीकडे, म्हणून मशीन डावीकडे, म्हणून सिस्टरही डावीकडेच उभी. साहजिकच पट्टा डाव्या मांडीला बांधला गेला आणि पुढे तीच रीत पडली. कार्डावर आकडे येत राहिले: १३६, १४०, १३८. सगळे खूश. गोळ्या तेवढ्याच ठेवल्या.

जूनमध्ये पेरणीच्या सुमारास बाबा बांधापर्यंत चालत गेले की मधेच थांबायला लागले. "डावा पाय भरून येते ना बाप्पा, मांडीपासून वरतं. उभं रायलं का मंग उतरते." कुणी सायटिका म्हणालं, कुणी डायलिसिसचे गोळे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. दुखणं ठरावीक अंतर चालल्यावर यायचं आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-तीन मिनिटांत जायचं. पाठीच्या मणक्यात नसा दाबल्या जाऊन चालताना पाय दुखत असेल तर सहसा बसावं किंवा वाकावं लागतं, हे मला नंतर कळलं.

ऑगस्टमध्ये नागपूरला किडनीच्या डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी होती. त्यांनी हृदयाचा इको पाहिला आणि कार्ड पुन्हा मागितलं. हृदयाची भिंत जाड झाली होती, चढलेल्या बीपीनं होते तशी. डायलिसिसच्या पेशंटमध्ये ते दिसतंच म्हणाले, "पण एवढी जाड? आणि बीपी म्हणे १३८?" मग त्यांनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता: "कोणत्या मांडीवर?"

त्यांनी बाबांना टेबलावर पालथं झोपवलं आणि रुंद पट्टा मागवला. हे नीट लिहितो, कारण पुढे घरी मलाही हेच करावं लागलं. दंडाचा साधा पट्टा मांडीवर चालत नाही. आतल्या रबरी पिशवीची रुंदी मांडीच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी लागते आणि लांबी किमान ८० टक्के. बाबांची मांडी टेपनं ४४ सेंटिमीटर भरली, म्हणजे पिशवी सतरा-अठरा सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद पट्टा बांधला तर धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि बीपी खोटंच वर दिसतं. पट्टा मांडीच्या खालच्या अर्ध्या भागात, पिशवीचा मध्य मागच्या बाजूला. स्टेथोस्कोप गुडघ्याच्या मागच्या खळगीत. पालथं झोपणं जमत नसेल तर उताणं झोपून गुडघा थोडा वाकवला तरी चालतं.

बसून मात्र घ्यायचं नाही. पट्टा हृदयाच्या पातळीच्या जितका खाली, तितकं वरच्या रक्ताचं वजन आकड्यात मिसळतं, दर १० सेंटिमीटरला साडेसातच्या आसपास. खुर्चीवर पाय सोडून बसलेल्या माणसाच्या घोट्यावर पट्टा बांधला तर पन्नास-साठ आकडे नुसते बसण्याचे असू शकतात.

डावी मांडी १३८. उजवी मांडी १७६.

डॉक्टरांनी लगेच काही निष्कर्ष काढला नाही. बीपी मिनिटागणिक हलतं, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक दोन पायांचा आहे की दोन वेळांचा, ते आधी बघावं लागतं. पुन्हा डावी, पुन्हा उजवी: १३६ आणि १७२. फरक जागचा हलला नाही. तेव्हा त्यांनी कागदावर दोन पाय काढून समजावलं. धडधाकट माणसाच्या दोन्ही पायांत फरक थोडाच असतो. एकाच पातळीवर, एकाच पट्ट्यानं वीसपेक्षा जास्त फरक आला तर कमी आकडा असलेल्या बाजूला, पट्ट्याच्या वर कुठंतरी धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. इथं तर जवळपास चाळीसचा फरक होता, आणि तोही मांडीवरच. म्हणजे अडथळा बहुधा त्याहून वर, पोटाखाली जिथं मोठी धमनी दोन पायांसाठी फुटते त्या भागात. मांडीपासून वर दुखणं त्याच्याशी जुळत होतं.

संत्र्याला ठिबक टाकताना उभं आयुष्य गेलेल्या बाबांना हे माझ्याआधी कळलं. "म्हणजे सबमेनले दाब बसला. शेवटच्या नळीवर गेज लावून मोटरचं प्रेशर पायत होतो आपण."

खरी गोम तीच होती. डावा पाय आजारी होता आणि त्याच पायावर सगळ्या शरीराचं बीपी मोजलं जात होतं. मांडीचं वरचं बीपी दंडापेक्षा साधारण दहा-वीसनं, कधी त्याहूनही जास्त असतं. खालचं फारसं बदलत नाही. त्या हिशेबानं डावीकडचे १३८ म्हणजे दंडावरचे १२० वाटायचे, तर उजवीकडचे १७६ म्हणजे १५५-१६०. म्हणजे मार्चपासून बाबांचं बीपी चढलेलंच होतं. सेंटरवर कुणी कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही. सिस्टर दर वेळी नीट मोजायची, फक्त एकाच पायावर. ज्याला हात नाहीत त्याच्या दोन्ही मांड्या सुरुवातीलाच एकदा मोजायच्या, जो आकडा जास्त येईल तो पाय बीपीसाठी ठरवायचा आणि कार्डावर पायाचं नाव लिहायचं, एवढं त्या दिवशी घेऊन आलो.

डॉक्टरांनी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या विभागाची चिठ्ठी दिली. त्यावर "एबीआय आणि टो प्रेशर" असं लिहिलं होतं. तारीख सप्टेंबरमधली मिळाली. डायलिसिस नसलेला दिवस मागून घ्या, कारण डायलिसिसनंतर पाणी निघालेलं असतं आणि आकडे खाली येतात. चिठ्ठीवर तसं लिहून घेतलं म्हणून काउंटरवर वाद झाला नाही. तपासणीआधी अर्धा तास चहा नाही, बिडी नाही, खर्रा नाही. शेवटची अट बाबांना सगळ्यात जड गेली.

एबीआय म्हणजे अँकल ब्रेकियल इंडेक्स. घोट्याचं वरचं बीपी भागिले दंडाचं वरचं बीपी, हिशेब एवढाच. घोट्याजवळ दोन धमन्या असतात, एक आतल्या घोट्याच्या मागे आणि एक पावलाच्या वर. त्या दोघींतला जास्त आकडा वर घ्यायचा, दोन्ही दंडांतला जास्त आकडा खाली. उत्तर १ ते १.४ आलं तर ठीक. ०.९ किंवा त्याखाली आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात. १.४ च्या वर गेलं तर खूश व्हायचं नाही. धमनी चुन्यासारखी कडक झाली आहे आणि पट्ट्यानं दबतच नाही, असा त्याचा अर्थ. शुगर आणि किडनीच्या पेशंटमध्ये हे नेहमीचं.

आमच्या बाबतीत भागायला खालचा आकडाच नव्हता. टेक्निशियन मॅडमनी फॉर्मवर दंडाच्या दोन्ही रकान्यांत आडव्या रेघा मारल्या, कारण लिहिलं आणि म्हणाल्या, "इंडेक्स निघणार नाही. पण बाकी सगळं मोजू, त्यातून पुष्कळ कळतं."

बाबांना दहा मिनिटं उताणं पडू दिलं, पायांवर ब्लँकेट टाकलं. पाय गार असले तर अंगठ्याचा आकडा खोटा कमी येतो. मग घोट्याच्या वर साधा, दंडाचाच पट्टा (इथं तोच बसतो), कातडीवर गार जेल आणि रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारा पेनाएवढा डॉप्लर तिरका धरून शोधाशोध. उजव्या जांघेत धरला तेव्हा खणखणीत आवाज आला, प्रत्येक ठोक्याला तीन तुकडे: एक जोरात पुढे, एक छोटा मागे, एक हलका पुढे. डाव्या जांघेत नुसता एकच मऊ सुस्कारा. मॅडमनी दोन्ही मला परत ऐकवले. हात नसलेल्या माणसात हा आवाज फार कामाचा, असं त्या म्हणाल्या. कारण उजव्या पायाला आपण मोजपट्टी मानतोय, तर आधी ती मोजपट्टी सरळ आहे का ते बघायला हवं. दोन्ही पाय सारखेच आजारी असते तर दोन्ही आकडे सारखेच खाली आले असते आणि फरक काहीच दिसला नसता. तेव्हा उजवीकडचा आकडा आपल्याला एवढंच सांगतो की बीपी किमान इतकं आहे. त्याहून जास्त नाहीच, असं तो सांगत नाही.

घोट्यांवर मजा झाली. डावा घोटा १२२. उजव्या घोट्यावर पट्टा २४० पर्यंत फुगवला तरी आवाज सुरूच. मॅडमनी हवा सोडली आणि "दबत नाही" असं लिहिलं. चांगला असलेला पायही घोट्याशी कडक होता. मला वाटलं, आता दोन्हीकडून बोंब. वरचा आकडा भरवशाचा नाही, खालचा मुळात नाहीच.

म्हणून अंगठा, चिठ्ठीतलं टो प्रेशर ते हेच. पायाच्या अंगठ्यातल्या बारीक धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत. अडीच सेंटिमीटरचा इवलासा पट्टा, टोकाला प्रकाशाचा सेन्सर, आणि पडद्यावर लाट परत येते तो आकडा टिपायचा. उजवा अंगठा ११८, डावा ७१. इथं भागाकाराची वाट बघावी लागत नाही, नुसत्या आकड्यालाही अर्थ आहे. अंगठ्याचं प्रेशर ३० च्या खाली गेलं तर पाय धोक्यात, जखम झाली तर भरणं कठीण. ६० च्या वर असेल तर रक्तपुरवठ्याअभावी जखम अडण्याची भीती कमी. ७१ म्हणजे घाई नाही, पण दुर्लक्षही नाही. शुगरच्या पेशंटनं अनवाणी शेतात जाऊ नये हे तेव्हा बाबांना तिसऱ्यांदा सांगून झालं.

मी आगाऊपणानं विचारलं, उजव्या मांडीच्या १७६ मधून पंधरा-वीस वजा करून दंडाचा अंदाज धरला तर? व्हॅस्क्युलर सर्जन हसले आणि स्वतःच कॅल्क्युलेटर घेतला. १२२ भागिले १५८, ०.७७. "दिशा बरोबर आहे. पण हे रिपोर्टवर एबीआय म्हणून लिहायचं नाही. मांडी आणि दंडातला फरक माणसागणिक वेगळा असतो, आणि तुमच्या बाबांचा किती ते आपल्याला माहीत नाही. शिवाय डावा घोटाही थोडा कडक असणारच, म्हणजे १२२ सुद्धा फुगलेले असू शकतात." रिपोर्टवर त्यांनी लिहिलं ते असं: एबीआय शक्य नाही, दोन मांड्यांत ३८ चा फरक, डाव्या जांघेतली लाट मंद, डाव्या बाजूला मांडीच्या वर अडथळ्याची शक्यता.

सोनोग्राफीच्या डॉप्लरमध्ये पोटातल्या गॅसमुळे वरची धमनी नीट दिसली नाही. मग सीटी अँजिओग्राफी. त्यात ओटीपोटातली डावी मोठी धमनी अरुंद झालेली स्पष्ट दिसली. चालणं फार कमी झालं होतं आणि जागा स्टेंट टाकण्याजोगी होती, म्हणून तो सल्ला मिळाला.

आता कागदपत्रं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून करायचं होतं. रेशनकार्ड, आधार, फोटो, सीटीचा रिपोर्ट आणि सीडी घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलावर. आमची गाडी अडली अंगठ्यावर, पण हाताच्या. उजवा हात नाही आणि डाव्या हाताच्या बोटांच्या रेषा शेतीकामानं झिजलेल्या. मशीन काही घेईना. बुबुळाच्या स्कॅनचं यंत्र दुसऱ्या इमारतीत होतं, तिथं काम झालं. तुमच्याकडे असा पेशंट असेल तर आधीच आधार केंद्रात जाऊन बुबुळाची नोंद ताजी करून घ्या. मंजुरी यायला आठवडा लागला. दाखल असताना डायलिसिस कुठं होणार, हेही आधीच विचारून ठेवा. खिशातून गेलं ते एसटी, जेवण, बाहेरून आणलेली दोन औषधं आणि मांडीचा पट्टा. पट्टा १,३०० रुपयांना पडला.

ऑक्टोबरमध्ये स्टेंट टाकला. उजव्या जांघेतून तार आत गेली, बाबा जागेच होते. सर्जननं मला नंतर एक कागद दाखवला, आणि त्यासाठी मी एवढं लिहितोय म्हटलं तरी चालेल. नळी मोठ्या धमनीत होती तेव्हा थेट आतून मोजलेलं बीपी १६४. नळी डावीकडे अरुंद जागेच्या पलीकडे नेली तर १२६. जागच्या जागी ३८ ची घसरण. आतल्या मोजणीत दहाच्या वर फरक गेला तरी तो महत्त्वाचा धरतात. स्टेंट फुगवल्यावर फरक उरला ३ चा.

त्याच वेळी टेबलावर उजव्या मांडीचं पट्ट्यानं घेतलेलं बीपी होतं १७८. आत १६४, बाहेर १७८. म्हणजे बाबांची मांडी साधारण चौदानं जास्त दाखवते. जे अंदाजानं धरत होतो ते पहिल्यांदा प्रत्यक्ष मोजलं गेलं. सर्जननं इथंही लगाम घातला: मोठ्या धमनीतलं बीपी आणि दंडावरचं बीपी तंतोतंत एक नसतं, दंडावर जरा जास्तच येतं. म्हणून फाईलवर लिहिलं, "मांडीतून सुमारे १० ते १५ वजा करून वाचावे." एकदा नळी आत गेलीच आहे, तर हा आकडा मागून घ्या. पुन्हा तशी संधी सहज येत नाही.

जांघेत टोचलेलं असल्यामुळे काही दिवस उजव्या मांडीला पट्टा लावायचा नव्हता. तेवढे दिवस बीपी डाव्या मांडीवर घेतलं आणि आता ते चाललं, कारण वाट मोकळी झाली होती. डावी १७०, १६८ असे आकडे यायला लागले तेव्हा सेंटरवरची सिस्टर दचकली. "काका, बीपी एकदम वाढलं तुमचं!" वाढलं नव्हतं. आधी जे वर अडत होतं ते आता मांडीपर्यंत पोचत होतं. हे सेंटरला आधीच लिहून द्या, नाहीतर घाबरून त्या दिवशी जास्तीची गोळी दिली जाते. आम्ही सर्जनची चिठ्ठी कार्डाला स्टेपल केली.

मग खऱ्या बीपीवर उपचार सुरू झाले. किडनीच्या डॉक्टरांनी आधी गोळी न वाढवता ड्राय वेट एक किलोनं खाली आणलं, म्हणजे डायलिसिसमध्ये थोडं जास्त पाणी काढलं. दोन-तीन आठवड्यांत मांडीचं १६० च्या आत आलं. मग एक गोळी वाढवली. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने आहेत. डायलिसिसमध्येही रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, त्यामुळे या गोळ्यांचीही कल्पना सेंटरला दिली.

घरी मीच मोजतो. पट्ट्यावर मार्करनं मध्य आखून ठेवलाय, तो गुडघ्याच्या मागच्या खळगीच्या सरळ वर आणायचा. सुरुवातीला आवाजच सापडायचा नाही. आधी बोटानं ठोका चाचपायचा, तिथं पेनानं ठिपका द्यायचा, मग स्टेथोस्कोप. बाबांची कुरकुर ठरलेली: "लवकर कर, पालथं झोपून जीव घाबरते." डिजिटल मशीन मी घेतलं नाही, कारण बहुतेक मशीनं दंडासाठीच तपासलेली असतात. पायात गुठळी झालेली असेल, मांडीत जखम असेल किंवा खुद्द मांडीतल्याच धमनीवर बायपास किंवा स्टेंट असेल, तर त्या मांडीवर पट्टा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका. बाबांचा स्टेंट ओटीपोटात आहे, म्हणून परवानगी मिळाली.

महिन्यातून एकदा दोन्ही मांड्या मोजून फरक लिहितो. सध्या तो सहा-आठच्या आसपास राहतो. वीसकडे सरकायला लागला तर तारखेची वाट न बघता या, असं सांगितलंय. पुढची तपासणी एप्रिलमध्ये आहे. तेव्हा अंगठ्याचं प्रेशर पुन्हा होईल, उजवा घोटा मात्र मोजणार नाहीत, कारण तो दबतच नाही. बाबा आता बांधापर्यंत न थांबता जातात, चप्पल घालून.